तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या काकांच्या निरोपाला मी काय बोलू?

प्रश्न : मी एका कारखान्यात प्लांट हेड आहे, वय ४२. आमच्या स्टोअरमधले काका या महिनाअखेरीला ३० वर्षांच्या नोकरीनंतर रिटायर होतायत आणि मुख्य भाषण मला करायचंय. १७ वर्षांपूर्वी मी ट्रेनी म्हणून आले तेव्हा पहिला महिना त्यांच्याच हाताखाली होते. नट-बोल्ट मोजायला लावायचे, कप्प्यातल्या मालाची आवक-जावक आणि शिल्लक लिहायचं बिन कार्ड भरायला त्यांनी शिकवलं. तेव्हा मला "पोरी" म्हणायचे, आता "मॅडम" म्हणतात. मी वर गेले, ते तिथेच राहिले. दोनदा त्यांच्या ज्युनिअरला प्रमोशन मिळालं, त्यातलं दुसरं माझ्याच सहीने. एकदा रात्री अडीचला मेन पंप बंद पडला, कॉम्प्युटरवर बेअरिंगचा स्टॉक शून्य, काकांना फोन केला तर झोपेतच म्हणाले, मागच्या भिंतीचा रॅक, खालून दुसरा कप्पा, कागदात गुंडाळलेलं एक आहे. होतं! पण माझ्या भाषणात आत्ता आहे जॉइनिंगची तारीख, मग मावळता सूर्य, मग "सेकंड इनिंगला शुभेच्छा". वाचून मलाच कसंतरी झालं. लोक त्यांना म्हणतात, आता काय, झोपा काढा. "पुढे काय" विचारलं तर ते फक्त "बघू" म्हणतात. त्यांना जायचं नाहीये असं मला वाटतं. त्यांची बायको आणि मुलगी पण येणार आहेत. मी काय बोलू?

उत्तर :

तुमचं भाषण तुम्ही ऑलरेडी लिहिलंय, फक्त ते मसुद्यात नाही, या पत्रात आहे. रात्री अडीच, खालून दुसरा कप्पा, कागदात गुंडाळलेलं बेअरिंग. मावळत्या सूर्याची काही गरजच नाही.

तुम्हाला वाटतंय की तीस वर्षांना न्याय द्यायचा तर तीसही वर्षं सांगायला हवीत, म्हणून जॉइनिंगची तारीख आणि पोस्टची यादी आली. पण बघा, वर्षाला २८० दिवस कामाचे धरले तरी तीस वर्षांचे ८४०० दिवस होतात. ते चार-पाच मिनिटांत कोणीच सांगू शकत नाही, आणि सांगायला गेलं की फक्त विशेषणं उरतात, प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ, जी मागच्या महिन्यात रिटायर झालेल्या माणसालाही लावली होती आणि पुढच्यालाही लागतील. ८४०० पैकी एक रात्र नीट सांगितली की बाकीचे दिवस कसे गेले असतील ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. ज्याला झोपेत कप्पा आठवतो त्याने जागेपणी तो किती वेळा हाताळला असेल, हे तुम्हाला वेगळं बोलावं लागत नाही.

पण ती रात्र आधी नीट गोळा करा. आत्ता तुमच्याकडे अर्धीच आहे. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते शोधा, ब्रेकडाउनचं रजिस्टर असेल तर पंप किती वाजता थांबला आणि किती वाजता चालू झाला ते काढा, बेअरिंगचा नंबर मेंटेनन्सवाल्यांना विचारा. "एक पार्ट मिळाला" म्हणालात तर हॉलमध्ये काही होणार नाही, पण समजा ते ६३०९ होतं आणि तुम्ही माइकवर "६३०९" म्हणालात, तर मागच्या रांगेतला फिटर मान वर करून बघेल. त्याला कळेल की मॅडम कागदावरचं वाचत नाहीयेत.

आणि इथे एक धोका आहे जो तुमच्या लक्षात आलेला नसावा. सिस्टिमवर शून्य आणि रॅकवर एक, हे तुमच्या-माझ्यासाठी कौतुकाचं आहे, पण अकाउंट्सच्या माणसासाठी तो हिशोबाबाहेरचा माल आहे. समोर डायरेक्टर किंवा ऑडिटवालं कोणी बसलेलं असेल तर ज्या माणसाने आयुष्यभर बिन कार्डाचा आकडा चुकू दिला नाही त्याच्याबद्दल निरोपाच्या दिवशी नको ती शंका यायची. म्हणून काकांनाच आधी विचारा की ते बेअरिंग तिथे का होतं. बहुतेक वेळा असं असतं की मेंटेनन्सने काढून नेलेला पार्ट लागत नाही, परत येतो, आणि त्याची रिटर्नची एंट्री व्हायची राहिलेली असते. तसं असेल तर ते अर्ध्या वाक्यात सांगून टाका, "मेंटेनन्सकडून परत आलेलं, एंट्री व्हायची होती", विषय संपला. आणि ते म्हणाले की हे नको सांगू, तर सोडून द्या. माणूस त्यांचा आहे, किस्साही त्यांचाच आहे.

बाकी तीन-चार जणांना पण भेटा, निदान आठवडाभर आधी. पण "काकांबद्दल काहीतरी सांग ना" असं विचारू नका, त्याचं उत्तर "खूप चांगला माणूस" एवढंच येतं, त्यात विचारणाऱ्याची चूक आहे, सांगणाऱ्याची नाही. असं विचारा की तू कधी अडकला होतास आणि काकांनी सोडवलं? त्यांनी तुला कशाला नाही म्हटलं होतं? हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. स्टोअरच्या माणसाचं अर्धं काम नाही म्हणण्याचं असतं, स्लिपवर सही नसेल तर माल नाही, मग समोर कितीही मोठा साहेब असू दे. अशा "नाही"चे किस्से लोकांना वर्षानुवर्षं आठवतात, आधी रागाने आणि नंतर आदराने. फोर्कलिफ्टवाला, गेटवरचा सिक्युरिटीवाला यांना विसरू नका, त्यांच्या हातात माइक कधी येत नाही पण स्टोअरचा माणूस त्यांना रोज भेटतो. चार जणांकडून चार गोष्टी आल्या तरी त्यातली एकच घ्यायची बरं का. किस्सा नंबर तीन सुरू झाला की लोक घड्याळ बघतात.

आता वयाचं. तुम्ही लिहिलंय की लोक म्हणतात "झोपा काढा". भाषणात याच्या उलट टोकाला जायचा मोह होतो, "यांच्याकडे बघून कोणी म्हणेल का साठ वर्षांचे!" हे पण नका म्हणू, कारण त्याचा अर्थ असा होतो की साठ दिसणं ही वाईट गोष्ट आहे आणि काका त्यातून थोडक्यात वाचलेत. मी स्वतः एकदा एका सहकाऱ्याच्या निरोपाला हे वाक्य बोललोय. हॉल हसला, ते पण हसले, आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की मग मला पाठवताय कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी निरोपाच्या भाषणातून वयावरचं कौतुक कायमचं काढून टाकलं.

रिटायरमेंट म्हणजे नियमातली तारीख आहे, माणसाच्या कुवतीवरचा शेरा नाही, आणि ज्याला जायचं नाहीये त्याला हा फरक चारचौघांत ऐकायला फार हवा असतो. म्हणून एकच वाक्य, "काका जातायत ते वय झालं म्हणून नाही, तारीख आली म्हणून." बस्स, पुढे काही जोडू नका. वयाबद्दल अजून काही बोलायचंच असेल तर वयाऐवजी काळाबद्दल बोला. त्यांनी सुरुवात केली तेव्हा स्टोअर बहुतेक रजिस्टरवर चालत असेल, मग कॉम्प्युटर आला, आणि त्या मधल्या काळात दोन्ही एकदम चालवावं लागलं असेल, दिवसा माल आणि संध्याकाळी एंट्र्या. तसं झालं होतं का ते विचारून घ्या, झालं असेल तर ती मेहनत कोणीतरी बोलून दाखवायला हवी, कारण ती कुठल्याच प्रमोशनच्या फाइलमध्ये येत नाही.

प्रमोशनचाच विषय निघाला म्हणून, पत्रातला हा भाग मी दोन-तीनदा वाचला, मला वाटतं तुमची खरी अडचण हीच आहे आणि भाषण हे त्यावरचं पांघरूण आहे. तुम्हाला वाटतंय की चांगलं भाषण केलं तर ती सही थोडी पुसली जाईल. नाही पुसली जाणार, आणि भाषणावर ते ओझं टाकलं तर भाषण बिघडेल. दोन चुका इथे होऊ शकतात. एक म्हणजे माइकवरून माफी मागणं किंवा "त्यांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही" वगैरे म्हणणं, ज्याने त्यांच्या बायको-मुलीसमोर त्यांचं राहिलेलं प्रमोशन हाच दिवसाचा विषय होईल. दुसरी याहून कॉमन आहे आणि जास्त लागणारी आहे, "काकांना पदाचा कधी मोह नव्हता". तुम्हाला हे कुठून कळलं? कदाचित होता. कदाचित दोन्ही वेळा घरी जाऊन ते कोणाशी बोलले नसतील आणि ते बायकोला माहीत असेल, आणि ती समोरच्या खुर्चीत बसून तुमचं हे वाक्य ऐकेल.

त्यामुळे ते भाषणाबाहेर काढा. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, तुमच्या केबिनमध्ये बोलावून नाही, तुम्ही स्टोअरमध्ये जा, जिथे तुम्ही नट मोजले होते तिथे. आणि जे खरं असेल तेवढंच सांगा. तो निर्णय तुम्हाला आजही बरोबर वाटत असेल तर खोटी माफी नको, एवढं म्हणा की "सही माझी होती, तेव्हा तुमच्याशी समोर बसून बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते चुकलं." निर्णयच चुकला होता असं वाटत असेल तर तसं म्हणा. ते "जाऊ दे मॅडम" म्हणतील बहुतेक. त्यापुढे काही मागू नका, त्यांनी मोकळं व्हावं, माफ केलं म्हणावं, असलं काही नाही. पण हे झालं की स्टेजवर तुमचा आवाज वेगळा लागेल.

आता "सेकंड इनिंग". हा शब्द इतका वापरलाय की आता तो कानावरून जातो, पण माझी तक्रार त्याहून वेगळी आहे. आपण तो बोलतो तेव्हा पहिली इनिंग संपली, पाटी कोरी, आता मजा, असं काहीतरी डोक्यात असतं. क्रिकेटमध्ये तसं नसतं ना! कसोटीत पहिल्या डावाच्या धावा पुसत नाहीत, दुसऱ्या डावातल्या त्यात मिळवल्या जातात. आणि दुसऱ्या डावात खेळायचा नंबरही बदलू शकतो. २००१ ची कोलकात्याची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आठवा, लक्ष्मण पहिल्या डावात सहाव्या नंबरला आला होता, ५९ केल्या, फॉलोऑन मिळाल्यावर त्याला तिसऱ्या नंबरला पाठवलं आणि २८१. माणूस तोच, पीच तीच, फक्त जागा बदलली. तुम्हाला हा शब्द ठेवायचाच असेल तर हा अर्थ घेऊन ठेवा, म्हणजे काकांना जे येतं ते इथेच संपत नाही, कदाचित आता ते वेगळ्या जागी वापरलं जाईल. मॅचची गोष्ट भाषणात घालू नका मात्र, ती सांगता सांगता काका बाजूला राहतील आणि लक्ष्मणच लक्षात राहील.

पण त्याआधी प्रश्न असा की त्यांना दुसरा डाव हवाय का आणि तो त्यांच्या हातात आहे का, हे तुम्हाला माहीत नाही. "बघू" म्हणणाऱ्या माणसाची बरीच कारणं असू शकतात. काही ठरलं नसेल. ठरलं असेल पण सांगायचं नसेल, कोणाच्या दुकानात हिशोबाला बसणार असतील आणि इथे ते कमीपणाचं वाटत असेल. किंवा पैशांची गरज असेल, दुसरी नोकरी शोधत असतील, आणि अशा माणसाला "आता फिरा, छंद जोपासा" म्हणणं म्हणजे त्याच्या चिंतेवर बोट ठेवणं आहे. म्हणून त्यांच्या वतीने पुढचे प्लॅन जाहीर करू नका, सल्लेही देऊ नका. स्टोअरमध्ये भेटाल तेव्हा "पुढे काय" असं विचारण्यापेक्षा "पुढचं काही मी स्टेजवर बोलावं का, की नको?" असं विचारा. याचं उत्तर देणं त्यांना सोपं जाईल.

"कधीही या, दार उघडं आहे" हे पण नको. गेटपास लागतो, सगळ्यांना माहितीये. त्याऐवजी एक नेमकं बोलावणं द्या जे तुम्ही पाळू शकता. उदाहरणार्थ पुढच्या स्टॉक टेकिंगच्या वेळी नवीन माणूस पहिल्यांदा एकटा मोजणी करेल, त्या दिवशी काकांनी पाहुणे म्हणून यावं. तारीख आधी ठरवा, त्यांना आधी विचारा, आणि गाडी पाठवणार असाल तर तेही आधीच ठरवून टाका. कामाचे पैसे, कन्सल्टंट वगैरे असं काही मनात असेल तर लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय माइकवर अवाक्षर काढू नका. टाळ्यांमध्ये दिलेला असा शब्द नंतर एचआरकडे अडकतो आणि माणूस घरी फोनची वाट बघत बसतो. हे मी होताना पाहिलंय.

लांबी चार मिनिटं, पाच झाली तर खूप. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे साधारण साडेचारशे. मोठ्याने वाचून घड्याळ लावा, मनात वाचलेलं नेहमी कमी वेळाचं वाटतं. आणि आपल्या भाषेत एक सोय आहे ती वापरा. बहुतेक भाषण हॉलकडे बघून "ते" असं बोला, आणि शेवटच्या भागात त्यांच्याकडे वळून "काका, तुम्ही" करा. हे वळण एकदाच घ्यायचं. सारखं ते-तुम्ही-ते होत राहिलं की बसलेल्या माणसाला कुठे बघावं कळत नाही.

साधारण असं होईल, शब्द तुमचे घाला आणि तपशील तपासून घ्या :

"१७ वर्षांपूर्वी मी इथे ट्रेनी म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं मशीनवर काम मिळेल. पहिला महिना मी नट-बोल्ट मोजले. मोजून झालं की काका परत मोजायला लावायचे. मला राग यायचा. मग एका रात्री अडीच वाजता मेन पंप बंद पडला. बेअरिंग हवं होतं, ६३०९, आणि कॉम्प्युटरवर स्टॉक शून्य. आम्ही काकांना फोन केला. त्यांनी काय झालं विचारलं नाही, नंबर विचारला, आणि म्हणाले, मागच्या भिंतीचा रॅक, खालून दुसरा कप्पा, कागदात गुंडाळलेलं आहे. मेंटेनन्सकडून परत आलेलं ते, एंट्री व्हायची होती. पंप इतके वाजता चालू झाला. त्या रात्री मला कळलं की तो महिनाभर मी नट मोजत नव्हते, कुठली वस्तू कुठे आहे हे डोक्यात ठेवायला शिकत होते. आज मी जो काही प्लांट सांभाळते त्याची सुरुवात त्या रॅकपाशी आहे.

काका जातायत ते वय झालं म्हणून नाही, तारीख आली म्हणून.

काका, तुम्ही मला आधी पोरी म्हणायचात, नंतर मॅडम म्हणायला लागलात. आज एक मागणं आहे. पुढच्या स्टॉक टेकिंगला या, आणि माझी मोजणी चुकली तर सगळ्यांसमोर म्हणा, पोरी, परत मोज."

हे थोडं कमी शब्दांत आहे मुद्दाम, म्हणजे तुम्ही गोळा केलेली एक "नाही"ची गोष्ट मध्ये बसेल. स्टॉक टेकिंगला ते हो म्हणाले नसतील तर शेवटचं वाक्य बदला, "आज जाताना एकदा पोरी म्हणा" एवढं पण पुरे. बिन कार्डावरून आवक-जावक आणि आयुष्याची शिल्लक अशी कोटी सुचेल, सुचणारच, ती करू नका, कारण ज्याने ते कार्ड रोज हाताने भरलंय त्याला त्यात उपमा दिसत नाही.

त्यांच्या बायकोबद्दल एखादं वाक्य हवंच असेल तर "यांच्या साथीमुळे" हे ठरलेलं नको. त्या रात्रीचा फोन त्यांच्या घरीही वाजला होता. "अडीच वाजता त्या फोनने तुमची पण झोप मोडली होती, तेव्हा सॉरी म्हणायचं राहिलं", एवढंच म्हणा, त्यांच्याकडे बघून, आणि ते तुम्ही-कडे वळायच्या आधी येऊ द्या.

रडू आलं तर थांबा. माफी मागू नका, "सॉरी मी जरा इमोशनल झाले" म्हणालात की लक्ष काकांवरून तुमच्यावर येतं. पाणी प्या, पुढचं वाक्य वाचा. म्हणून कागद मोठ्या अक्षरात छापा, ओळींत भरपूर अंतर, आणि शेवटची तीन वाक्यं पाठ करा, कारण डोळे भरले की कागद दिसत नाही.

माइक नंतर त्यांच्याकडे जाईल. त्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा की बोलणार का, नाही म्हणाले तर सूत्रसंचालकाला स्पष्ट सांगा की आग्रह करायचा नाही. आणि बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत थांबले, तर तुम्ही पुढे होऊन ती शांतता भरू नका, त्यांना हवं तितका वेळ तिथे उभं राहू द्या.